आधी गोणीची शिलाई पाहा

"सर, महिनाभरापासून मी आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या व्हॉट्सॲपवर सल्ला देतोय. शेतकरी खताच्या गोणीचा नाहीतर बियाण्याच्या पिशवीचा नुसता फोटो टाकतात, सोबत एक अक्षर नसतं. त्यांना प्रमाण हवं असतं, आपल्या पिकाला चालेल का हे विचारायचं असतं, की इंग्रजीत काय लिहिलंय तेवढं वाचून दाखवायचं?"

जूनमध्ये खताच्या गोणीचा नुसता फोटो आला, तर माझ्या अनुभवात त्याचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो: "डीएपी मिळेना, दुकानदार हे देतोय, घेऊ का?" तुम्ही लिहिलेल्या तिन्हींत हा 'चालेल का'च्या जवळचा, पण नेमका तो नाही. हे खत सोयाबीनला चालतं की नाही ही त्याची शंका नसते. मनात धरलेल्या खताच्या जागी हे पुरं पडेल का, ही असते. या दोन प्रश्नांची उत्तरं वेगळी आहेत. पहिल्याला "चालतं" म्हणून मोकळं होता येतं, दुसऱ्याला हिशेब करावा लागतो.

त्यामुळे लेबल वाचायच्या आधी मी गोणीची शिलाई पाहतो. तोंडाची शिलाई शाबूत आहे आणि मागे तशाच गोण्यांची थप्पी दिसतेय, म्हणजे माणूस दुकानात उभा आहे आणि पैसे अजून खिशात आहेत. त्याला पाच मिनिटांत उत्तर लागतं, संध्याकाळी दिलेलं काही कामाचं नाही. शिलाई शाबूत पण गोणी ओसरीवर किंवा ट्रॉलीत असेल, तर खत घरी आलंय, आता किती टाकायचं ते विचारतोय. शिलाई उसवलेली, गोणी बांधाला टेकवलेली आणि कडेला पेरणी यंत्राचं चाडं दिसत असेल, तर तो पेरता पेरता थांबलाय, काहीतरी अडलंय. आणि रिकामी, घडी घातलेली गोणी असेल तर लगेच फोन करा, कारण ती बहुधा तक्रार असते.

फोटोसोबत शब्द नसतात याचं कारण साधं आहे. मराठी टायपिंग अनेकांना जमत नाही, हात मातीने भरलेले असतात, आणि त्याच्या लेखी फोटो हेच पूर्ण वाक्य असतं. शिवाय ऑक्टोबर २०२२ पासून अनुदानित खतांच्या गोण्या सगळ्या कंपन्यांच्या सारख्याच दिसू लागल्या: भारत युरिया, भारत डीएपी, भारत एनपीके. जो माणूस वीस वर्षं गोणीवरच्या चित्रावरून खत ओळखायचा, त्याची ती खूणच गेली. आता फरक फक्त आकड्यांत उरलाय, आणि आकडे वाचून दाखवणारं कुणीतरी त्याला हवंय.

उलट विचारायचंच तर एकच गोष्ट विचारा, आणि ती बोलून विचारा: "दादा, गोणी घेतली का घ्यायची आहे, आन् कुठल्या पिकाला?" त्याआधी फोटोतलं नाव वाचून दाखवा, म्हणजे आपला फोटो पाहिला गेलाय हे त्याला कळतं. "वीस-वीस-शून्य-तेराची गोणी दिसतेय" एवढं म्हटलं की पुरे. "क्षेत्र किती, माती परीक्षण केलंय का, आधीचं पीक कोणतं" अशी यादी लिहून पाठवलीत तर उत्तर येत नाही, हे मी करून पाहिलंय. एका प्रश्नाला मात्र दोन शब्दांचं व्हॉइस येतं, "सोयाबीन, घ्यायची", आणि तेवढ्यात काम होतं.

आता एक उदाहरण सबंध सांगतो. वसमत तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा असाच फोटो आला, जूनच्या मध्यात, पाऊस होऊन दोन दिवस झाले होते. गोणी २०:२०:०:१३, शिलाई शाबूत, मागे थप्पी. सोयाबीन दोन एकर, घ्यायची होती. दरवर्षी एकरी एक गोणी डीएपी टाकायचा, म्हणून या खताच्याही दोनच गोण्या घ्यायच्या असं त्याने ठरवलेलं.

लेबलवरचे आकडे नत्र, स्फुरद, पालाश या क्रमाने असतात आणि चौथा असला तर तो बहुधा गंधक. सगळे टक्के, म्हणजे शंभर किलो खतात तेवढे किलो. डीएपी १८:४६:० आहे, म्हणून ५० किलोच्या गोणीत ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद येतं. २०:२०:०:१३ च्या ५० किलोत १० किलो नत्र, १० किलो स्फुरद आणि साडेसहा किलो गंधक. गोणी तेवढीच, वजन तेवढंच, पण स्फुरद निम्म्याहून कमी. मराठवाड्यात सोयाबीनला आपण हेक्टरी ३० नत्र, ६० स्फुरद, ३० पालाश धरतो, म्हणजे एकरी १२, २४ आणि १२ किलो. डीएपीच्या एका गोणीने स्फुरद जवळपास पुरं होत होतं, या एका गोणीने १४ किलो कमी पडलं असतं. मग एकरी दोन गोण्या टाकाव्यात, तर स्फुरद २० वर जातं पण नत्रही २० होतं. सोयाबीन स्वतःच्या मुळांवरच्या गाठींतून हवेतलं नत्र घेतं, त्याला सुरुवातीला थोडंच लागतं. जास्त झालं की गाठी कमी धरतात आणि पीक नुसतं पाल्यावर जातं.

म्हणजे खत "चालतं" हे खरं, आणि एकास एक बदलीने भागत नाही हेही खरं. यावर उपाय काय, हे लेबलवर लिहिलेलं नव्हतं, ते फोटोच्या कोपऱ्यात होतं. मागच्या थप्पीतल्या एका गोणीवर अर्धवट "१२:३" दिसत होतं. मी म्हटलं, "दादा, मागची गोणी जरा पुढून दाखवा." ती १२:३२:१६ निघाली. दीड गोणी, म्हणजे ७५ किलो घेतलं तर ९ किलो नत्र, २४ किलो स्फुरद आणि १२ किलो पालाश येतं. दोन एकरांना सरळ तीन गोण्या, वेगळं पालाश घ्यायची गरज नाही, आणि नत्र तीन किलो कमी पडतं त्याची सोयाबीनला चिंता नाही. त्याने त्या तीन गोण्या घेतल्या.

ती थप्पी नसती तर मी सिंगल सुपर फॉस्फेट सांगितलं असतं. त्यात १६ टक्के स्फुरद असतं, म्हणून एकरी २४ किलोसाठी तीन गोण्या लागतात, सोबत साधारण २५ किलो युरिया आणि पालाशसाठी २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश. गंधक त्यातच ११ टक्के येतं, जे सोयाबीनला तेलासाठी हवंच असतं. मात्र सुपर फॉस्फेट सांगताना दाणेदार की भुकटी हे विचारायला विसरू नका. भुकटी पेरणी यंत्राच्या नळीत अडकते, ती आधी विस्कटून वखरावी लागते. आणि युरिया बियाण्यात मिसळून चाड्यात टाकू नका हे दर वेळी सांगा, कारण "सोबत युरिया" याचा अर्थ काहीजण "त्याच चाड्यात" असा घेतात, आणि मग उगवण मार खाते.

याच दुकानी फोटोंचा आणखी एक प्रकार ओळखून ठेवा. गोणीच्या शेजारी काउंटरवर एखादी बाटली किंवा छोटं पाकीट दिसतं. तो बहुधा लिंकिंगचा फोटो असतो, "गोणी हवी तर हेही घ्यावं लागेल" असं सांगितलेलं असतं. बाटलीचं प्रमाण सांगत बसू नका. हे पिकाला आवश्यक नाही आणि अशी सक्ती करता येत नाही, एवढं स्पष्ट सांगा आणि तालुका कृषी कार्यालयाकडे तक्रार करता येते हे त्याला कळू द्या.

आता प्रमाणाबद्दल. फोटो पाहताच प्रमाण लिहून पाठवायचा मोह होतो, कारण ते आपल्याला पाठ असतं. पण लिहिलेला आकडा त्याच्याकडे राहत नाही. तासाभरात गावच्या गटावर जातो आणि पुढे कुणी एकराला वापरतो, कुणी वीस गुंठ्यांना, कुणी ते सोयाबीनचं प्रमाण हळदीला. पुस्तकातली शिफारस हेक्टरी असते, आपल्याकडे बोलणं एकरी असतं, अडीचपट चूक होते ती इथेच. म्हणून प्रमाण सांगायचंच तर किलोत नव्हे, गोण्यांत सांगा आणि पीक व क्षेत्र त्याच वाक्यात बांधा: "तुमच्या दोन एकर सोयाबीनला तीन गोण्या." हे वाक्य दुसऱ्याच्या उसाला लागत नाही हे ऐकणाऱ्यालाही कळतं. विरघळणाऱ्या खताच्या फवारणीचं असेल तर पंपाच्या हिशेबात सांगा आणि पंप किती लिटरचा ते आधी विचारून घ्या, सगळ्यांकडे पंधराचाच नसतो.

भाषांतर मागणारे फोटो कमी असतात, पण चूक सर्वात जास्त तिथेच होते, कारण ते काम सोपं वाटतं. दोन वर्षांपूर्वी एका गोणीचा फोटो आला. रंगसंगती डीएपीसारखी, मधोमध मोठी इंग्रजी अक्षरं, खाली बारीक अक्षरांत 'फॉस्फेट रिच ऑरगॅनिक मॅन्युअर'. आमच्या एका नव्या सहकाऱ्याने प्रामाणिकपणे उत्तर दिलं: "हे स्फुरदयुक्त सेंद्रिय खत आहे." शब्द बरोबर होते. शेतकऱ्याने ऐकलं, "यात स्फुरद भरपूर आहे," आणि डीएपीच्या जागी एकरी एक गोणी टाकली. या प्रकारच्या खतात प्रमाणित स्फुरद साधारण १० टक्के असतं, म्हणजे ५० किलोत ५ किलोच्या आसपास. डीएपीच्या गोणीतल्या २३ किलोचा चौथा हिस्साही नाही. त्यातही त्यातलं बरंचसं पाण्यात विरघळणारं नसतं, रोपाला पहिल्या महिन्यात फारसं हाती लागत नाही. खत खोटं नव्हतं, भाषांतर खोटं नव्हतं, तरी त्या वर्षीचं सोयाबीन उपाशी राहिलं. तेव्हापासून आमच्याकडे लेबलचं भाषांतर करायचं म्हणजे प्रत्येक टक्क्याचे गोणीमागे किलो करून सांगायचं, आणि शेजारी डीएपीचे किलो ठेवायचे.

एका फोटोत दोन पाकिटं शेजारी शेजारी ठेवलेली असली तर प्रश्न वेगळाच असतो, आणि हे मी फार मोठी किंमत देऊन शिकलो. किंमत माझी नव्हती, म्हणून ते अजून टोचतं. फेब्रुवारीत एका टरबूज उत्पादकाने असा फोटो पाठवला: १२:६१:० आणि कॅल्शियम नायट्रेट, दोन्ही फोडलेली, मागे ठिबकची टाकी. मी दोन्हींचं प्रमाण लिहून पाठवलं. त्याने दोन्ही एकाच टाकीत विरघळवली. कॅल्शियम आणि फॉस्फेट पाण्यात एकत्र आले की कॅल्शियम फॉस्फेटचा पांढरा साका होतो. दूध नासल्यासारखं दिसतं ते. टाकीत फुटक्या दह्यासारखा थर बसला, फिल्टर बुजला आणि कित्येक ड्रिपर बंद पडले. लॅटरलमधून आम्लप्रक्रिया करून बरेचसे उघडले, पण फळधारणेच्या आठवड्यात त्या ओळींना पाणी कमी पडलं ते पडलंच. त्याला प्रमाण माहीत होतं. त्याने दोन पाकिटं एका चौकटीत ठेवून मला विचारलं होतं, "हे दोन्ही एकत्र चालतं का?" प्रश्न फोटोत स्पष्ट मांडलेला होता, मी तो वाचला नाही. म्हणून दोन पाकिटं दिसली की पहिलं उत्तर मिसळण्याबद्दल द्या. कॅल्शियम नायट्रेट फॉस्फेटच्या किंवा सल्फेटच्या कुठल्याही खतासोबत एका टाकीत नको, मध्ये निदान दोनतीन दिवस ठेवावेत. खात्री नसेल तर बाटलीभर पाण्यात दोन्ही चिमूटभर टाकून अर्धा तास ठेवायला सांगा. गढूळ झालं तर नको.

बियाण्याच्या पिशवीचा फोटो वाचायची रीत याहून निराळी आहे. तिथे पिशवीवरच्या हिरव्यागार चित्राकडे पाहूच नका, शिलाईत अडकवलेला टॅग पाहा. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा असतो, उत्पादकाने स्वतःच्या जबाबदारीवर दिलेल्या सत्यतादर्शक बियाण्याचं लेबल हिरवं. शेतकऱ्याने टॅग जवळून टिपला असेल तर तो एकतर 'जर्मिनेशन'चा आकडा विचारतोय किंवा तारखांचा घोळ. तारखा दोन असतात: 'डेट ऑफ टेस्ट' म्हणजे उगवण तपासल्याची आणि 'व्हॅलिड अपटू' म्हणजे तिथपर्यंत ते निकाल धरायचे. प्रमाणित बियाण्याला हा काळ साधारण तपासणीपासून नऊ महिने असतो. पहिली तारीख मागची दिसली की अनेकजण "जुनं बी दिलं" म्हणून घाबरतात, त्यांना दुसरी तारीख वाचून दाखवली की प्रश्न मिटतो.

सोयाबीनच्या टॅगवर ७० टक्के दिसलं तरी ते घाबरतात. "शंभरातले तीस मेलेच की!" सोयाबीनचं किमान प्रमाणच ७० आहे, कारण त्याचं टरफल नाजूक असतं, आणि एकरी ३० किलोची शिफारस तो हिशेब धरूनच आहे. टॅगवरचा आकडा मात्र तपासणीच्या दिवसाचा आहे. त्यानंतर पोती किती वेळा आदळली, उन्हात किती राहिली, हे टॅगला माहीत नसतं आणि आपल्यालाही फोटोत दिसत नाही. म्हणून पेरायच्या आठवडाभर आधी, ओल्या गोणपाटावर दहा दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडून, गुंडाळून सावलीत ठेवायला सांगा. सहासात दिवसांनी मोजा. ७० च्या वर असेल तर ३० किलो, ६० आलं तर ३५ किलो. त्याहून खाली गेलं तर ते बियाणं पेरू नका म्हणावं, बिल घेऊन दुकानात जावं.

पेरणीनंतर आठदहा दिवसांनी येणारा रिकाम्या पिशवीचा फोटो हा सगळ्यात तातडीचा. तिथे वाण कोणता, प्रमाण किती, काही बोलू नका. विचारा, "उगवलं नाही का?" हो म्हणाला तर दोन ओळींतली माती उकरून दाणे काढायला सांगा. दाणा कोरडा आणि जसाच्या तसा असेल तर ओल पुरली नाही. फुगून कुजला असेल तर फार खोल पडला किंवा पाणी साचलं. कोंब वाकडा होऊन मातीच्या पापुद्र्याखाली अडकला असेल तर पावसानंतर जमीन बसली, बियाण्याचा दोष नाही. ओल चांगली, खोली चारपाच सेंटिमीटर, आणि तरी दाणे नुसते मऊ पडले असतील तरच शंका बियाण्यावर घ्या.

शंका आली की क्रम मोडू देऊ नका. शेत मोडून दुबार पेरायची त्याला घाई असते, आणि ती योग्यच असते, दिवस जातात. पण पाहणी आणि पंचनामा व्हायच्या आत वखर फिरला तर दाखवायला काही राहत नाही. पिशवी, टॅग, बिल आणि उरलेलं मूठभर बियाणं सांभाळून ठेवायचं, टॅगवरचा लॉट नंबर लिहून लेखी अर्ज त्याच दिवशी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे द्यायचा आणि पोच घ्यायची. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी राज्यभर झाल्या, तेव्हा आमच्या भागात बिल नसलेले कितीतरी लोक हात चोळत बसले.

आणि विचारूनही उत्तर आलं नाही तर? तुमच्या प्रश्नात हे नाही, पण होणार आहे. मी सकाळी सातच्या आत फोन करतो, तेव्हा माणूस घरी असतो. फोन लागला नाही तर व्हॉइस पाठवतो: गोणीत काय आहे, डीएपीच्या तुलनेत किती किलो आहे, आणि "पीक सांगा, मग किती टाकायचं ते सांगतो." प्रमाण त्या व्हॉइसमध्ये नसतं. दोन दिवसांनी तोच माणूस बांधावरून दुसरा फोटो पाठवतो, शिलाई उसवलेली असते, आणि या वेळी तो सोबत बोलतो.